यापूर्वीचे परिपत्रक रद्द समजावे

वर्गात तिला सगळे मावशी म्हणायचे. वय काही फार नव्हतं, पण बाकीची पोरं विशीतली आणि ही पदराला सात वर्षांची मुलगी बांधून आलेली, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मावशी म्हटलं आणि ते चिकटलं. भूगोलाची पदवी तिने लग्नाआधी अर्धी सोडली होती. आता एवढा एक प्रात्यक्षिकाचा विषय उरला होता. तो याच सत्रात सुटायला हवा होता, कारण पदवी पूर्ण करायची मुदतच या सत्राबरोबर संपत होती. मुदत संपली की आधीचे सगळे पास झालेले विषयही पाण्यात. आणि ज्या शाळेत ती मदतनीस म्हणून राबत होती, तिथे पदवी असेल तरच वर्गावर घेणार होते. एवढं सगळं त्या एका विषयाच्या टाचेखाली अडकलं होतं.

विषयात वीस गुणांचा एक घटक होता, आणि त्या घटकावर विभागाने परिपत्रक काढलं होतं. म्हणजे दोन काढली होती.

पहिल्यांदा तिने संकेतस्थळ उघडलं तेव्हा सगळ्यात वर, लुकलुकणाऱ्या ‘नवीन’ या शब्दाशेजारी एक परिपत्रक होतं. होकायंत्राने करायचं सर्वेक्षण या वर्षी वगळलं आहे, त्याऐवजी विद्यार्थ्यांनी क्षेत्रभेट करून तिचा अहवाल द्यावा, असं त्यात होतं. बरं वाटलं. अहवाल लिहिणं तिला जमण्यासारखं होतं. मग सहज बोट खाली सरकलं, तर चार ओळींखाली दुसरं परिपत्रक. क्षेत्रभेटीचा अहवाल या वर्षी वगळला आहे, त्याऐवजी होकायंत्राने सर्वेक्षण करावं.

तिने तारखा पाहिल्या. दोन्हींवर एकच तारीख. सही पाहिली, एकच सही. मग शेवटची ओळ वाचली, की त्यात तरी काही सापडेल. दोन्हींच्या तळाशी अक्षर न अक्षर तेच होतं: ‘या विषयावरील यापूर्वीचे परिपत्रक रद्द समजावे.’ म्हणजे याने त्याला रद्द केलं होतं आणि त्याने याला. ती भिंतीकडे बघत बसली. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तेव्हा तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि समजावता समजावता स्वतःच जास्त गोंधळली. सासूबाई म्हणाल्या, दोघं भाऊ एकमेकांना बेदखल करताहेत असं वाटतंय, बापाला विचार की. त्या गमतीत म्हणाल्या होत्या, पण मावशीने ते मनावर घेतलं.

वर्गाच्या फोनवरच्या गटावर तोवर दोन तट पडले होते. एक बाजू म्हणत होती, वरचं ते खरं. दुसरी म्हणत होती, होकायंत्रं तर नवी आली आहेत, खोकी आम्ही पाहिली, मग ती काय शोभेला मागवली? एका पोराने प्रात्यक्षिकाच्या सरांना गाठून विचारलं होतं, तर सर म्हणाले, दोन्हीची तयारी ठेवा. ज्यांना दिवसभर कॉलेजात राहायचंय ते ठेवतीलही. मावशीकडे शाळेतल्या वर्षाच्या रजांपैकी दोनच उरल्या होत्या. त्यात क्षेत्रभेट तरी होईल, नाहीतर प्रयोगशाळेत बसून यंत्र तरी हाताळता येईल. दोन्ही नाही.

म्हणून तिने अर्ज लिहिला. सरळ, आडपडदा न ठेवता:

‘मा. विभागप्रमुख, भूगोल विभाग यांस. विषय: प्रात्यक्षिकातील वीस गुणांच्या घटकासाठी कोणते परिपत्रक लागू आहे, याबाबत. महोदय, विभागाच्या संकेतस्थळावर सदर घटकाबाबत दोन परिपत्रके आहेत. दोन्हींची तारीख एकच आहे व मजकूर परस्परविरोधी आहे. दोन्हींत यापूर्वीचे परिपत्रक रद्द समजावे असे म्हटले आहे. तरी मी अहवाल द्यावा की सर्वेक्षण शिकावे, हे कृपया लेखी कळवावे. माझी ही शेवटची संधी आहे. आपली विश्वासू.’

दोन प्रती केल्या आणि घेऊन विभागाच्या कार्यालयात गेली.

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला लोखंडी कपाटं, दुसऱ्या बाजूला पुसट पडलेले नकाशे गुंडाळून उभे केलेले, आणि मधोमध टेबलामागे ती बाई, जिला पोरं पाठीमागे जावकबाई म्हणत. आवक-जावक तिच्याच हातात. येणारा कागद तिच्या शिक्क्याखालून जाणार आणि जाणाराही. तिने अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि परत वाचला.

‘‘ताई, हे लेखी कशाला?’’ तिने हळूच विचारलं. ‘‘तोंडी विचारा ना. तोंडी विचारलं की काहीतरी निघतं. लेखी आलं की मग त्याला उत्तर द्यावं लागतं.’’

‘‘उत्तरच हवंय मला,’’ मावशी म्हणाली.

जावकबाईने तिच्याकडे थोडं काळजीने पाहिलं आणि शिक्का उचलला. एका प्रतीवर आवक क्रमांक टाकून पोच म्हणून परत दिली. जाता जाता मावशीने विचारलं, त्यातलं वरचं कसं काय वर गेलं? तेव्हा कळलं ते असं. ती दोन्ही परिपत्रकं एकाच सभेनंतरची. या विभागात रीतच होती की अभ्यास मंडळाच्या सभेत जे ठरेल त्याच्या परिपत्रकावर सभेचीच तारीख घालायची, मग ते टंकायला आठवडा का लागेना. सकाळी ठरलं ते वेगळं, जेवणानंतर ठरलं ते वेगळं, तारीख मात्र दिवसाची. शेवटची ओळ तर साच्यातच होती, ती काढायची कधी कुणाला गरजच पडली नव्हती. त्यातल्या एकावर गोल शिक्का पुसट उठला होता, म्हणून बाईने तो परत मारून कागद परत स्कॅन केला आणि परत चढवला. शेवटी चढवलेलं संकेतस्थळावर वर जातं. पण सकाळचं कोणतं आणि दुपारचं कोणतं, हे तिला विचारलं तर ती मोकळेपणाने म्हणाली की तिला नाही ठाऊक, ती सभेत नसते, तिच्यापर्यंत नुसता मसुदा येतो.

आठवडा गेला. मावशी रोज शाळेतून सुटली की कार्यालयात डोकावायची. विभागप्रमुखांनी अर्जाच्या कडेला ‘संबंधित शिक्षकांनी अभिप्राय द्यावा’ असं लिहून तो प्रात्यक्षिकाच्या सरांकडे पाठवला होता. सरांनी त्याखाली ‘अभ्यास मंडळाच्या निर्णयाप्रमाणे कार्यवाही व्हावी’ असं लिहून परत पाठवला. निर्णय काय, हाच तर प्रश्न होता. अर्ज चेंडूसारखा इकडून तिकडे जात होता आणि दर फेरीत त्याच्या कडेला एक सही वाढत होती.

इकडे परीक्षा जवळ येत चालली. शेवटी तिने मन घट्ट केलं. वर लुकलुकतंय ते खरं मानू, असं ठरवून दोन्ही रजा टाकल्या आणि नवऱ्याला घेऊन गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांवर गेली. नवरा दुचाकी दुरुस्त करणारा. त्याने दुकान दोन दिवस मित्रावर सोपवलं आणि बायकोसाठी फोटो काढत धुरात फिरला. तिने माती कुठून येते, पाणी कुठून, कामगार किती महिने थांबतात, विटा कुठे जातात, सगळं विचारून घेतलं. भट्ट्यांचा आराखडा काढला. घरी येऊन मुलीला झोपवून अहवाल लिहून काढला, चांगली तीस पानं, मार्गदर्शक म्हणून सरांची सही घेतली आणि बांधून आणला. नवऱ्याने तो हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाला, ‘‘हा तर पासच आहे.’’ तिलाही तसंच वाटत होतं. त्या दिवसांत ती खरोखर सुखात होती.

आणि मग सरांनी तिला प्रयोगशाळेच्या दाराशी थांबवलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कुणाचंच मन मोडायची त्यांना भीती वाटे. ते म्हणाले, तुमच्या त्या अर्जाने पंचाईत करून ठेवली आहे. प्रमुख आता मंडळाच्या अध्यक्षांना विचारून इतिवृत्त काढणार. अर्ज नसता तर मी दोन्ही चालवून घेतलं असतं, ज्याने अहवाल आणला त्याचा अहवाल, ज्याने सर्वेक्षण केलं त्याचं सर्वेक्षण. अजूनही वेळ गेलेली नाही. चार ओळी लिहा, अर्ज मागे घेते म्हणून. तुमचा अहवाल तर मी पाहिलाच आहे, छान आहे.

म्हणजे विचारलं हीच चूक झाली की काय? ‘‘सर, पण बाहेरचे परीक्षक येतात ना? त्यांनी एकच धरलं तर?’’

‘‘तेव्हाचं तेव्हा बघू.’’

ती घरी आली तरी तिच्या डोक्यात तेच. नवरा म्हणाला, मागे घे की अगं, आपलं काम झालंय. तसं पाहिलं तर बरोबरच होतं. तिच्या हातात अहवाल होता. पण गटावर रोज संध्याकाळी कुणीतरी विचारायचं, मावशी, उत्तर आलं का? चष्मेवाली पोरगी तर रोजच. त्या पोरांना वाटत होतं की मावशीने लेखी विचारलंय म्हणजे आता नक्की काय ते कळणार, आणि त्या भरवशावर ती बसली होती. त्यांना काय सांगायचं? मी विचारलं होतं पण माझं भागलं म्हणून मागे घेतलं? तिने दोन वेळा चार ओळी लिहिल्या आणि दोन्ही वेळा फाडल्या. अर्ज तसाच राहिला.

उत्तर आलं. छोटंसंच होतं. सभेच्या सकाळच्या सत्रात यंत्रं अपुरी म्हणून अहवालाचं ठरलं होतं, पण दुपारी नवी यंत्रं आल्याचं कळल्यावर तो निर्णय बदलून सर्वेक्षण कायम ठेवलं. सबब होकायंत्राच्या सर्वेक्षणाचं परिपत्रक लागू, अहवालाचं नाही. खाली प्रमुखांची सही, जावक क्रमांक आणि गोल शिक्का, या वेळी ठसठशीत.

‘‘मग वरचं ते काढून टाका ना संकेतस्थळावरून,’’ मावशी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

जावकबाई म्हणाली की तसं पत्र तिने टाकलंय, पण चढवलेलं काढायचं तर मुख्य कार्यालयाची परवानगी लागते आणि ती यायला महिना जातो. मग हे उत्तर तरी चढवा, मावशी म्हणाली. तर ते चढवता येत नाही, कारण ते परिपत्रक नाही, अर्जाचं उत्तर आहे. अर्जाचं उत्तर अर्जदाराला जातं. ‘‘तुमच्या नावाचं आहे ना ते,’’ जावकबाई म्हणाली, जणू एवढं साधं कसं कळत नाही.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि पाणी दिलं. नवरा मात्र चिडला. ‘‘तू विचारलंस कशाला पण?’’ असं तो दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यालाच वाईट वाटलं, मग बाहेर जाऊन उगाचच गाडी पुसत बसला. तिने डोळे पुसले, उत्तराचा फोटो काढून गटावर टाकला. गट एका क्षणात मोकळा झाला. धन्यवादांचा पाऊस पडला, अंगठे, हसरे चेहरे. ज्यांनी अहवालाला हात घातला होता त्यांनी तो सोडून दिला.

पुढचे दिवस ती शाळा सुटली की कॉलेजच्या मैदानावर. चष्मेवालीने तिला शिकवायचं अंगावर घेतलं. तिपाई उभी करायची, होकायंत्र सपाट आलं पाहिजे, नाहीतर सुई अडते. मग फटीतून केसासारखी बारीक रेघ समोरच्या काठीवर आणायची आणि भिंगातून अंश वाचायचे. एका टोकावरून दुसऱ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्यावरून उलट पहिल्याकडे, की दोन वाचनांत बरोबर एकशेऐंशीचा फरक यायला हवा. मावशीचा कधी येत नसे. एकदा तर बराच वेळ काही जुळेना, शेवटी कळलं की ती लोखंडी फाटकाला टेकून वाचत होती आणि सुई फाटकाकडे ओढ घेत होती. पोरं हसून लोळली. तीही हसली, पण घरी जाताना बसमध्ये तिला धडकी भरली होती. चार टोकांचं शेत काढायचं आणि कागदावर रेघ फिरून पहिल्या बिंदूला येऊन मिळायला हवी. तिची रेघ दर वेळी भलतीकडेच जाऊन थांबायची.

परीक्षेच्या दिवशी फोन बाहेर जमा झाले. बाहेरचे परीक्षक वयस्कर, शिस्तीचे, हातात कागदांची चळत. त्यांनी ती उलगडली आणि म्हणाले, सगळ्यांनी अहवाल पुढे आणून ठेवा.

कुणी हललं नाही.

सर पुढे झाले, सर्वेक्षण आहे म्हणाले. परीक्षकांनी छापलेलं परिपत्रक दाखवलं. विभागाच्या संकेतस्थळावरचं, सगळ्यात वरचं, कालच छापून घेतलेलं. सर म्हणाले, दुसरं पण आहे. परीक्षक म्हणाले, त्यावर तारीख हीच आहे, मग मी कोणतं धरू? याला रद्द केल्याचा कागद दाखवा. सरांनी कार्यालयाकडे माणूस धाडला. कार्यालयाला कुलूप होतं, जावकबाई दुसऱ्या इमारतीत पर्यवेक्षणाला, प्रमुख कुठल्या सभेला. फोटो आहे आमच्याकडे, एक पोरगा म्हणाला. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. फोनवरचा फोटो म्हणजे कागद नव्हे, आणि फोन तर बाहेर.

‘‘ज्यांच्याकडे अहवाल आहे त्यांचे गुण देतो,’’ परीक्षक म्हणाले. ‘‘बाकीच्यांचे वीस गेले. माझा नाइलाज आहे.’’

मावशी शेवटच्या टेबलाशी उभी होती. तिच्या पिशवीत तो अहवाल होता. टाकवला नव्हता, एवढंच. सरांची सही असलेला, फोटो असलेला, तीस पानांचा. साऱ्या खोलीत अहवाल होता तो एकट्या तिच्याकडे. काढून पुढे ठेवला की झालं. कुणाचं काही हिसकावून घेत नव्हती ती. घरी जाऊन सांगितलं असतं तर नवरा नाचला असता. आणि त्याच पिशवीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात, मूळ उत्तरही होतं, सही-शिक्क्याचं, तिच्या नावाचं. ते काढलं की अहवाल रद्दी. मग तिपाई, सुई आणि ती न मिळणारी रेघ.

तिला क्षणभर खरंच कळेना की आपण कोणता कागद काढणार आहोत. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, शाळेतला तो वर्ग आला. पुढच्या रांगेत चष्मेवाली खाली मान घालून रडू आवरत होती. तिने हात पिशवीत घातला, दोन्ही कागद बोटांना लागले, आणि तिने पाकीट बाहेर काढलं.

परीक्षकांनी उत्तर दोनदा वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला, जावक क्रमांक लिहून घेतला. म्हणाले, ठीक आहे, सर्वेक्षण घेऊ. सरांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. पोरं मैदानाकडे पळाली.

पुढचं लांबवत नाही. मावशीने तिपाई उभी केली आणि सुई थांबायची वाट पाहिली. चार टोकं फिरली, अंश वाचले, कागदावर रेघा ओढल्या, आणि शेवटची रेघ पहिल्या बिंदूपासून चांगली बोटभर दूर थांबली. चष्मेवालीने शिकवलं होतं तसं तिने ते अंतर चारी बाजूंवर वाटून दुरुस्त केलं आणि कागद दिला. परीक्षकांनी ते बोटभर अंतर पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. निकाल लागला तेव्हा ती पास होती, अगदी काठावर. त्या बोटभर अंतराला गुण कसे दिले आणि किती दिले, हे तिला कधीच कळलं नाही, आणि या खेपेला तिने अर्ज करून विचारलंही नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी मात्र आपण नापास झालो असं धरूनच ती फाटकाबाहेर आली. चष्मेवाली धावत मागून आली, फोन देते म्हणाली, मावशीचा तिने सोडवून आणला होता. फोन पिशवीत ठेवताना बांधलेल्या अहवालाचं मुखपृष्ठ वर आलं. पोरीने ते वाचलं.

‘‘मावशी, तुमच्याकडे अहवाल होता?’’

‘‘होता.’’

‘‘मग तुम्ही ते पत्र का दाखवलंत?’’

मावशीने पिशवीची चेन ओढली, बस येतेय का ते पाहिलं.

‘‘तुम्ही सगळ्यांनी मला विचारलं होतं ना,’’ ती म्हणाली.